गहाण की घाण: सोलापुरातल्या एका घरात बिघडलेलं वाक्य, आणि ते बदलण्याचं प्रकरण

फिल्म बावीस मिनिटांची. पूर्व भागातल्या एका जुन्या घरात एप्रिलमध्ये चार दिवस शूटिंग झालं. ध्वनिमुद्रण माझं नव्हतं, ध्वनीची जुळणी माझ्याकडे होती. मे अखेरीस चित्राची जुळणी पक्की झाली आणि दिग्दर्शकानं घरच्या टीव्हीवर पहिला कच्चा खेळ लावला. चौदाव्या सीनमध्ये आई भाकरी थापता थापता मुलाला सांगते, "बापानं माग इकला न्हाई तुझ्या. गहाण टाकला व्हता." सगळी गोष्ट या वाक्यावर फिरते. इतका वेळ मुलगा समजत असतो की वडिलांनी माग विकून पैसे उडवले.

दिग्दर्शकाची मावशी मध्येच म्हणाली, "घाण टाकला? म्हंजे काय केलं?"

सगळे हसले. मग पुन्हा लावून ऐकलं, आणि कुणी हसेना. मावशीचं बरोबर होतं. ज्यांनी संहिता वाचली होती त्यांना 'गहाण' ऐकू येत होतं, कारण त्यांना ते माहीत होतं. कोऱ्या कानाला 'घाण'च ऐकू येत होतं.

हे का झालं ते आवाजाचं चित्र मोठं करून पाहिल्यावर कळलं. 'गहाण' म्हणताना 'ग' सुटतो, त्याच्यामागे एक छोटा 'अ' येतो, मग 'ह'ची हवा आणि मग लांब 'आ'. आईचं काम करणाऱ्या बाईंनी तो शब्द उच्चारताना मान चुलीकडे वळवली आणि मधला 'अ' गिळला. 'ग'ला 'ह' चिकटला की मराठीत त्याचा 'घ' होतो, आपली वर्णमालाच तसं सांगते. दुसऱ्या एका टेकमध्ये हाच शब्द नीट आला होता, तिथे त्याची लांबी 0.48 सेकंद होती. इथे 0.34. मधले 0.14 सेकंद तोंडातून बाहेरच पडले नव्हते. आवाज दबला असेल तर उचलता येतो, कर्कश असेल तर उतरवता येतो. जो स्वर उच्चारलाच नाही तो कुठल्याही फिल्टरनं येत नाही. म्हणजे वाक्य बदलायचं, दुसरा मार्ग नाही.

आधी दुसऱ्या टेक्समध्ये शोधायचं, हा नेहमीचा क्रम. तीच खोली, तोच दिवस, तेच माइक, त्यामुळे बरंचसं काम आयतं झालेलं असतं. या शॉटचे पाच टेक होते आणि चित्रात चौथा लागला होता. दुसऱ्यात शब्द लख्ख होता, पण कुणीतरी पलीकडच्या खोलीतला कूलर सुरू केला होता. सोलापूरचा एप्रिल, त्या माणसाला दोष कसा द्यायचा? शिवाय त्या टेकमध्ये बाई रागानं बोलल्या होत्या. चौथ्यात थकून बोलल्या होत्या, आणि दिग्दर्शकानं चौथा निवडला तो त्या थकव्यासाठीच. पाचवा टेक लांबून घेतलेला. त्यात शब्दही चांगला आणि सूरही थकलेला, पण चौकट मोठी असल्यामुळे बूम माइक सहा फुटांवर गेला होता. चौथ्यात तो अडीच फुटांवर होता.

हा पाचवा टेक मी अर्धा दिवस लावून पाहिला, कारण सूर फार जवळचा होता. पातळी जुळवली, फिल्टर लावले. तरी 'गहाण' आलं की बाई अचानक खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बोलल्यासारख्या वाटत. माइक लांब गेला की तोंडातून थेट येणारा आवाज कमी होतो आणि भिंती-फरशीवरून परतणारा तेवढाच राहतो. हा घुमारा आवाजात मुरलेला असतो, आणि तो घालणं जितकं सोपं तितकं काढणं अवघड. म्हणून बदलीचा आवाज मूळापेक्षा जरा कोरडा असला तर चालतो, जास्त ओला असला की काम संपलं. त्याच टेकमध्ये बाईंच्या पदराखाली लावलेला छोटा माइकही होता. तो कोरडा होता, पण नेमकं 'ह'च्या जागी मंगळसूत्र माइकला घासलं होतं. अशा वेळी नशिबाचा राग येतो.

या सगळ्याच्या वर एक अडचण होती, जी मी आत्तापर्यंत सांगितली नाही, कारण मला स्वतःलाही ती उशिरा कळली. शेजारी यंत्रमाग चालू होता. पाचही टेक्समध्ये त्याची खटखट मागे आहे, बोलण्यापेक्षा पुष्कळ हळू, पण आहे. शूटिंगवाल्यांनी तो बंद करायला सांगितलं नाही, कारण गोष्टच मागवाल्याच्या घराची आणि तो आवाज हवाच होता. ठोके मोजले तर मिनिटाला साधारण 115, म्हणजे दोन ठोक्यांत 0.52 सेकंद. कूलरचा किंवा पंख्याचा आवाज सपाट असतो, तो कुठेही कापून कुठेही जोडला तरी सांधा लपतो. मागाच्या आवाजाला ताल आहे. पाचव्या टेकमधला शब्द ओठांशी जुळवला की त्याच्यासोबत येणारे ठोके चौथ्या टेकच्या ठोक्यांच्या अध्येमध्ये पडायचे. ठोके जुळवावे तर ओठ सुटायचे. प्रेक्षकाला कदाचित सांगता आलं नसतं की काय खटकलं, पण सोलापुरात मागाचा ताल चुकलेला कळणार नाही असे कान कमी.

म्हणून ठरलं की वाक्य वेगळं मुद्रित करायचं, मागाशिवाय. माग नंतर खाली घालायचा.

पहिला प्रयत्न मी माझ्या खोलीत केला, आणि तो फसला. बाई घरी आल्या, चारी बाजूंनी रजया टांगल्या, माइक तोंडापासून आठ इंचांवर. आवाज सुरेख आला. मग त्यावर छोट्या खोलीचा तयार घुमारा चढवला आणि सीनमध्ये बसवला. परिणाम असा, की आई बोलता बोलता दोन सेकंद आकाशवाणीवर गेली आणि परत आली. कारणं तीन होती आणि तिन्ही माझीच. दिशा धरणारा माइक तोंडाजवळ आला की आवाजाचा खर्ज फुगतो, मूळात तो फुगलेला नव्हता. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. सीनमध्ये त्या परातीसमोर पाटावर वाकून बसल्या आहेत, पोट दाबलेलं, श्वास आखूड, आणि तो आखूड श्वास वाक्यात ऐकू येतो. तिसरं म्हणजे तो तयार घुमारा कुठल्यातरी दुसऱ्याच खोलीचा होता. शेपटी साधारण तितकीच लांब होती, पण आवाज सुटल्याबरोबर फरशीवरून आणि जवळच्या भिंतीवरून परतणारे पहिले पडसाद मूळ खोलीचे नव्हते. खोली ओळखू येते ती त्या पहिल्या काही मिलिसेकंदांत. शेपटी नंतरची.

मग दिग्दर्शकाला म्हटलं, "दादा, त्याच घरात जाऊन घेऊ. तोच माइक, तीच जागा."

"घर मिळंल की," तो म्हणाला, "पण सामान हाललंय तिथलं."

हे मी हलक्यात घेतलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शेजारचा माग बंद असेल असा दिवस बघून आम्ही गेलो. खोली चौदा बाय अकरा फूट, उंची दहा फूट, खाली शहाबादी फरशी, भिंतींना गुळगुळीत गिलावा. शूटिंगच्या वेळी मागच्या भिंतीला चादरींच्या गठ्ठ्यांची थप्पी छातीपर्यंत रचलेली होती. आता ती विकली गेली होती आणि खोलीत एक पाट, एक लोखंडी पेटी आणि आम्ही. मी टाळी वाजवली, तर खोली विहिरीसारखी बोलली.

इथे चौथ्या टेकच्या सुरुवातीची क्लॅप कामाला आली. चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी वाजवलेली ती फळी म्हणजे त्या दिवशीच्या खोलीची, त्या दिवशीच्या सामानासकट घेतलेली नोंदच. फटका लखलखीत आणि आखूड असतो, त्यानंतर ऐकू येतं ते फक्त खोलीचं. सुदैवानं फळी मागाच्या दोन ठोक्यांच्या मधे पडली होती. आवाज 60 डेसिबल उतरायला लागणारा वेळ हा खोलीच्या घुमण्याचा नेहमीचा मापदंड, पण मागे माग चालू असताना तितकं खाली दिसतच नाही. म्हणून 20 डेसिबल उतरायला किती वेळ लागतो ते बघायचं आणि तिपटीनं धरायचं. एप्रिलच्या फळीला 20 डेसिबलसाठी 0.2 सेकंद लागले होते, म्हणजे खोली 0.6 सेकंदांची. मी सोबत नेलेली तीच फळी रिकाम्या खोलीत, तिथूनच वाजवली. 0.37 सेकंद. म्हणजे जवळपास 1.1. खोली तीच, पण आवाजाच्या दृष्टीनं दुप्पट मोठी झालेली.

हार्वर्डच्या वॉलेस सॅबिननं 1895 नंतरच्या काही वर्षांत नेमका हाच खेळ केला होता. एक व्याख्यानाचं दालन फार घुमत होतं, तर त्यानं दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत गेला आणि घुमणं किती कमी होतं ते मोजत गेला. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: घनमीटरमधलं आकारमान गुणिले 0.161, भागिले खोली आवाज किती शोषते ते. शोषणाचं माप त्यानं उघड्या खिडकीत धरलं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. आमची खोली साधारण 43.5 घनमीटरची. हिशोब केला तर एप्रिलमध्ये ती सुमारे 11.7 चौरस मीटर खिडकीइतका आवाज गिळत होती आणि जूनमध्ये 6.4. म्हणजे ती चादरींची थप्पी (आणि युनिटच्या दहा-बारा माणसांची अंगं, हेही धरायला हवं) मिळून पाच चौरस मीटरची उघडी खिडकी होती. सोलापुरी चादरीचे पुष्कळ उपयोग ऐकले होते, हा नव्हता ऐकला.

सॅबिनला गाद्या मिळाल्या, आम्हाला घरमालकिणीनं गोधड्या दिल्या. दोरी बांधून चार गोधड्या मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे टांगल्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी शोषतील. फळी परत वाजवली. 0.23 सेकंद, म्हणजे साधारण 0.7. अजून गोधड्या मागायला लाज वाटली आणि एवढ्यावर थांबलो. पण ऐकताना एक फरक राहिला. गोधडी वरचे सूर छान शोषते, खालचे फारसे नाही. थप्पी जाड होती, ती खालचेही खात होती. त्यामुळे नव्या मुद्रणात खर्जाचा थोडा 'घूं' उरला. तो नंतर 200 हर्ट्‌झच्या आसपास 2 डेसिबल उतरवून घेतला.

बाईंना पाटावर बसवलं, समोर परात, हातात पीठ नाही. थापायची हालचाल करायची पण हात टेकवायचा नाही, असं सांगितलं, कारण थाप शब्दावर पडली तर तो शब्द वाया. बूम तोच, कपाळाच्या वरून थोडा पुढे, अडीच फुटांवर. हे अंतर मी टेपनं मोजलं. चौथ्या टेकच्या वेळी माइक नेमका कुठे होता ते ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाला फोन करून विचारलं होतं, त्याच्या वहीत लिहिलेलं होतं. वही ठेवणारी माणसं देव आहेत.

आधी त्यांना मोबाईलवर सीन दाखवून ओठांबरोबर बोलायला लावलं, ते जमेना. नाटकातल्या बाई, नजर पडद्यावर गेली की सूर वाचनाचा व्हायचा. मग चित्र बाजूला ठेवलं. कानात हेडफोन, त्यात मूळ वाक्य तीनदा, एकसारख्या अंतरानं. चौथ्यांदा शांतता, तिथे त्यांनी बोलायचं. ताल कानातून उतरतो आणि जिभेला डोळ्यांची गरज पडत नाही. फक्त मूळ टेकमधला 'घाण' त्यांच्या कानात बसू नये म्हणून मी त्या जागी दुसऱ्या टेकचा शब्द डकवून दिला होता. बाईंना ते कळलं. म्हणाल्या, "ही मीच हाय का? लई चिडलीय की."

प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य बोलून घेतलं, 'बापानं'पासून. नुसता शब्द मागितला तर माणूस तो शब्द यादीतून वाचल्यासारखा म्हणतो. आणि मान? पहिल्या चार खेपांत आवाज मूळापेक्षा उजळ येत होता, का ते कळेना. चित्र पुन्हा पाहिलं तेव्हा लक्षात आलं की 'गहाण'ला त्या चुलीकडे वळतात, तोंड माइकच्या रेषेतून बाहेर जातं आणि आवाजाची वरची धार बोथट होते. पाचव्या खेपेपासून तशीच मान वळवायला सांगितली, पण 'अ' सोडून वळायची नाही. अकरा खेपा झाल्या. सातवी निवडली. त्यात 'गहाण' स्वच्छ आणि 'व्हता' जवळजवळ उसाशात विरलेलं होतं, मूळासारखं. निघण्याआधी रिकाम्या खोलीची शांतता मिनिटभर आणि पिठाच्या गोळ्यावर दहा-बारा थापाही घेऊन ठेवल्या.

आता बसवणं. किती बदलायचं हा पहिला प्रश्न. माझा कल कमीत कमी बदलण्याकडे असतो, म्हणून आधी फक्त 'गहाण' घातलं. सांध्याला जागा चांगली होती. 'टाकला'मधला 'ट' सुटण्याआधी जीभ टाळूला चिकटून हवा अडते, तेवढा वेळ जवळपास निःशब्द जातो. 'ण' संपून 'ट' फुटण्याआधीच्या त्या फटीत कापलं तर सांधा ऐकूच येत नाही. आलाही नाही. पण शब्द चिकटवल्यासारखा वाटला. नव्या 'गहाण'चा सूर खाली उतरत होता आणि मूळ 'टाकला' वरून सुरू होत होतं. माणूस शब्द सुटे बोलत नाही. मग 'गहाण टाकला' घेऊन मूळ 'व्हता' ठेवायचा विचार केला, तर 'ला' आणि 'व्ह' यांच्यात फटच नाही, स्वर वाहत जातो. तिथे कापणं म्हणजे वाहत्या पाण्यात रेघ मारणं. शेवटी 'गहाण टाकला व्हता' पूर्ण बदललं. पुढचा सांधा 'न्हाई' नंतरच्या अर्ध्या सेकंदाच्या विरामात, मागचा वाक्य संपल्यावर. 'बापानं माग इकला न्हाई तुझ्या' एवढं मूळचंच राहिलं. खरं तर बोलताना बाईंनी 'तुझ्या' आणि 'न्हाई' उलटसुलट केलं होतं, विराम 'न्हाई'वरच येतो.

ओठांचं नशीब इथे चांगलं निघालं. प, ब, भ, म हे ओठ मिटून म्हणायचे, ते चुकले की शाळकरी पोरालाही दिसतं. आमच्या 'गहाण टाकला'मध्ये यातला एकही नाही. ग, ह, ण, ट, क सगळे तोंडाच्या आत घडतात. बाहेर दिसतो तो जबडा, तीन 'आ'साठी तीनदा उघडणारा. खालचा ओठ दाताला लागतो तो थेट 'व्हता'च्या 'व'ला. म्हणून तीन खुंट धरले: पहिला 'आ', दुसरा 'आ', आणि 'व'.

नवा तुकडा मूळापेक्षा 0.26 सेकंद लांब होता. त्यातले 0.14 म्हणजे तोच हरवलेला 'अ' आणि 'ह'. ते शब्दाच्या डोक्याकडे आहेत, म्हणून तुकडा तितका आधी सुरू केला. विराम 0.50चा 0.36 झाला, आणि 'आ' जबड्यावर बरोबर बसला. 'ग' आधी सुटतो हे कुणाला दिसत नाही, घशाजवळचं अक्षर. उरलेले 0.12 शेवटी 'व'ला उशीर करत होते, म्हणजे तीन फ्रेम. 'ट'च्या आधीच्या शांततेतून 30 मिलिसेकंद काढले आणि 'टाकला' पाच टक्क्यांनी आवळलं, त्यातून बावीसेक मिळाले. पाच टक्क्यांच्या पुढे आवळलं की स्वरांना पत्र्याची चव येऊ लागते, म्हणून तिथे थांबलो. 'व' अजून साधारण 68 मिलिसेकंद उशिरा पडतो, पावणेदोन फ्रेम. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या एका शिफारशीत हा फरक लक्षात येण्याची सीमा दिली आहे: आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद आधी आला तर कळतो, मागे राहिला तर 125 पर्यंत खपतो. दुरून येणारा आवाज उशिरा पोचतो याची कानाला जन्मापासून सवय आहे, दिसण्याआधी ऐकू येणं मात्र कधी घडत नाही. तेव्हा पावणेदोन फ्रेम मागे चालतील, पुढे चालल्या नसत्या.

बाकी राहिला माग, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यानंच खाल्ला. मूळ तुकडा काढल्यावर त्याच्याबरोबर ठोकेही गेले. चौथ्या टेकमध्ये फळी वाजल्यापासून 'ॲक्शन'पर्यंत नऊ सेकंद कुणी बोललं नव्हतं, फक्त खोली आणि माग. दुसऱ्या टेकची शांतता न घेता तिथूनच चार ठोके उचलले, 2.09 सेकंदांचे, आणि भोकात बसवले. सलग ठोके, एकच फिरवून चार नाही. एकच ठोका चारदा लावला की बंदुकीसारखा वाजतो, कारण मागाचे दोन ठोके कधी हुबेहूब सारखे नसतात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विरामात एक ठोका दुहेरी पडला, 'खट्ट-ट्ट'. मूळ ट्रॅक हळूहळू मिटत होता आणि भरणाचा हळूहळू उघडत होता, आणि ही अदलाबदल नेमकी एका ठोक्यावर आली होती. दोन्हींचे ठोके काही मिलिसेकंदांनी पुढेमागे. अदलाबदल दोन ठोक्यांच्या मधल्या सपाट जागेत सरकवली आणि ते गेलं. मिटण्याची लांबी मात्र आखूड ठेवता आली नाही. 'न्हाई'चा घुमारा त्या विरामातच विरत असतो, तो मध्येच तोडला तर वाक्य कात्रीनं कापल्यासारखं होतं. 0.3 सेकंदांत मूळ मिटवलं, तोवर घुमारा मागाच्या आवाजाखाली गेलेला असतो.

नव्या मुद्रणाची स्वतःची शांतता वर चढून खोली बदलल्यासारखी वाटेल अशी धास्ती होती. तसं झालं नाही. माग बंद असल्यामुळे ती मूळ पार्श्वभूमीपेक्षा दहा डेसिबलहून खाली होती. दहा डेसिबल खालचा आवाज मिसळला तर एकूणात अर्धा डेसिबलसुद्धा वाढत नाही. म्हणूनच बंद मागाचा दिवस धरला होता. नव्या आवाजाची 0.7 सेकंदांची शेपटीही त्याच मागाखाली झाकली गेली. हे मान्य करायला हवं की माग नसता, शांत रात्रीचा सीन असता, तर तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक वाक्य संपल्यावर उघडा पडला असता आणि मला आणखी गोधड्या मागाव्या लागल्या असत्या.

एवढं करून सीन लावला तर चित्रात हात परातीवर आपटतो आणि आवाज नाही. मूळ वाक्याखाली, 'टाकला'च्या शेवटी, भाकरीची एक थाप होती. ती तुकड्याबरोबर गेली होती आणि मी इतके दिवस शब्दच ऐकत असल्यामुळे ती माझ्या हिशोबातच नव्हती. जूनमध्ये घेतलेल्या थापा लावून पाहिल्या, पण पीठ सैल असावं, त्या ओल्या वाजत होत्या. शेवटी चौथ्या टेकमधलीच, आधीच्या वाक्यातली एक थाप उचलली. ती किंचित मोठी आहे. 1 डेसिबल उतरवली, तरी मला अजून कळते.

तपासायला मी तीन गोष्टी केल्या. सीन वीस सेकंद आधीपासून लावून डोळे मिटून ऐकला, कारण चित्र समोर असलं की डोळा कानाला माफी देतो. मग आवाज अगदी लहान करून ऐकला. बोलणं जेमतेम कळेल इतक्या पातळीवर मागाचा ताल जास्त स्पष्ट होतो आणि तो कुठे अडखळला तर तिथेच सापडतो. आणि मोबाईलच्या स्पीकरवर, जिथे खर्ज उरतच नाही आणि 'ह'सारखी हवेची अक्षरं सर्वात आधी मरतात. मोबाईलवर 'गहाण' जरा पडेल होतं, म्हणून फक्त 'अ' आणि 'ह' एवढाच भाग दीड डेसिबल उचलला. सबंध शब्द उचलला असता तर बाई तिथे जोर देऊन बोलल्यासारख्या झाल्या असत्या आणि थकवा गेला असता.

जुलैत दिग्दर्शकाच्या घरी तोच टीव्ही, तीच माणसं. मावशीला कुणी काही सांगितलं नव्हतं. चौदावा सीन आला, वाक्य झालं, मागाची खटखट पुढे चालू राहिली. मावशी थोडं पुढे सरकून म्हणाली, "गहाण? कुणाकडं टाकला मग?"

ते पुढच्या सीनमध्ये आहे.